चौकाचा उजेड आणि कोपऱ्यांचे नियम

नवे घर बांधायचे ठरले की घरात दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवे, देवघर ईशान्येला हवे, आणि नैर्ऋत्येची भिंत अगदी बंद हवी. दुसरे म्हणतात, हे सगळे सोडा, खोलीत वारा आणि उजेड येतो की नाही एवढेच पाहा. बिचारा गवंडी दोघांच्या तोंडाकडे पाहत बसतो. शेवटी तडजोड होते ती अशी : कोपरे शास्त्राप्रमाणे, खिडक्या जागा उरेल तिथे, आणि मधल्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा. ही तडजोड दोन्ही बाजूंनी फसते. ती का फसते ते कळण्यासाठी जुन्या ग्रंथांत काय सांगितले आहे आणि पुढे आपल्या घरांचे काय झाले, हे थोडे मागे जाऊन पाहायला हवे.

पहिली गोष्ट दिशांची. आज आपण होकायंत्र काढतो आणि दिशा ठरवतो. जुने लोक जमिनीत सरळ काठी रोवत. तिला शंकू म्हणत. काठीभोवती दोरीने वर्तुळ काढायचे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक जिथे वर्तुळाला टेकते तिथे एक खूण करायची, दुपारनंतर पुन्हा जिथे टेकते तिथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे, आणि शाळेच्या पटांगणात मुलांकडून एका दिवसात करून घेता येते. सांगायचे ते एवढेच, की पूर्वीच्या बांधणाऱ्याची दिशा कागदावरची नव्हती. ती उन्हाने आखलेली होती. दिशा म्हणजे ऊन कुठून येणार आणि सावली कुठे पडणार, हेच त्याला प्रथम कळत असे.

आता ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. वराहमिहिर हा सहाव्या शतकातला उज्जयिनीकडचा ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा एक मोठा अध्याय आहे. त्यात घराचे चार कोपरे त्याने थोडक्यात वाटून दिले आहेत : ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला भांडीकुंडी व घरसामान, आणि वायव्येला धन-धान्य. त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, इ. स. १६०० च्या सुमारास, काशीच्या राम दैवज्ञाने मुहूर्तचिंतामणी लिहिला. आपल्याकडचे जोशीबुवा पिढ्यान्‌पिढ्या हाच ग्रंथ वापरत आले. त्यात आठही दिशा आहेत : पूर्वेला न्हाणी, आग्नेयेला स्वयंपाक, दक्षिणेला झोपण्याची खोली, नैर्ऋत्येला शस्त्रे, पश्चिमेला जेवणघर, वायव्येला धान्य, उत्तरेला भांडार आणि ईशान्येला देव.

या दोन याद्या शेजारी ठेवून वाचा. देवघर आणि स्वयंपाकघर दोन्हींत जागच्या जागी आहेत. पण नैर्ऋत्येला एक भांडीकुंडी ठेवतो, दुसरा शस्त्रे. घरातल्या कर्त्याने नैर्ऋत्येलाच झोपावे, असे या दोन्ही याद्यांत नाही. झोपण्याची खोली मुहूर्तचिंतामणीत दक्षिणेला आहे. म्हणजे आज जो नियम अगदी अनादि म्हणून सांगितला जातो, तो या दोन जुन्या याद्यांत सापडतच नाही. दाराचेही तसेच. वराहमिहिराने घराच्या परिघावर दारासाठी बत्तीस जागा मोजल्या, प्रत्येक बाजूला आठ, आणि प्रत्येकीचे फळ सांगितले. चारही बाजूंना काही जागा चांगल्या आहेत, काही वाईट. दक्षिणेची किंवा पश्चिमेची बाजू सबंधच टाकाऊ, असे तो म्हणत नाही.

त्याच अध्यायात दोन नियम असे आहेत की ते आज कोणी फारसे सांगत नाही, आणि मला वाटते, घर बांधणाऱ्याने तेच आधी ऐकावेत.

पहिला नियम अंगणाचा. चारी बाजूंना ओळी आणि मध्ये चौक, हे चौशाळा घर. त्यातली एक ओळ गाळली तर त्रिशाळा. उत्तरेची ओळ नसलेले घर वराहमिहिर शुभ मानतो, त्याला हिरण्यनाभ म्हणतो. पूर्वेची नसलेले तेही शुभ, ते सुक्षेत्र. पण दक्षिणेची ओळ नसलेले घर चुल्ली, म्हणजे चूल, आणि त्यात धननाश. पश्चिमेची नसलेले पक्षघ्न, तेही वाईट. आता फळे बाजूला ठेवा आणि नुसते ऊन पाहा. चौक उत्तरेला किंवा पूर्वेला उघडा ठेवला तर सौम्य उजेड आणि सकाळचे ऊन आत येते. दक्षिणेची ओळ काढली तर दुपारचे ऊन, पश्चिमेची काढली तर तिन्हीसांजेपर्यंतचे तिरपे ऊन सरळ घरात शिरते. माळव्यातल्या उन्हाळ्यात राहिलेल्या माणसाने तशा घराला चूल म्हटले, यात नवल काय?

दुसरा नियम अंतराचा. दारासमोर झाड, खांब, विहीर, दुसऱ्या घराचा कोपरा आला तर त्याला वेध म्हणतात आणि तो वाईट. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढचा अर्धा नियम लोक विसरतात. उंचीच्या दुप्पट जागा मोकळी सोडली असेल तर दोष नाही, असे तिथेच सांगितले आहे. म्हणजे नुसती भीती नाही, तर माप आहे. आणि माप आले की माणूस विचार करू शकतो.

या ग्रंथांत घराची जमीन नऊ-नऊ घरांच्या पटासारखी आखतात. एकूण ८१ पदे होतात. मधली ९ पदे ब्रह्म्याची. गृहस्थाने ती जपावीत, तिथे उष्टे-खरकटे पडू देऊ नये, असे वराहमिहिर बजावतो. चौशाळा घरात ही मधली जागा साहजिकच चौकात येते. आपल्याकडच्या वाड्यांची बांधणी अशीच होती. पुण्याचा विश्रामबाग वाडा पाहा, एकामागून एक चौक. साध्या घरातही ओसरी, माजघर, पडवी ही सगळी चौकाकडे तोंड करून बसलेली असत. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या धाब्याच्या घरांना चौक नसला तरी छताला साणे असे. तेवढ्या भोकातून चुलीचा धूर वर जाई आणि उजेडाची एक तिरीप खाली येई. भिंतींना खिडक्या कमी, कारण चोरांची भीती आणि उन्हाची झळ. उजेड वरून किंवा मधून यायचा. मग कोणता कोपरा कशाला, हा प्रश्न फार अडचणीचा नसे. कारण प्रत्येक खोलीची एक बाजू मोकळ्या चौकाला लागलेली असे.

पुढे काय झाले? जमिनी वाटल्या गेल्या. चौकात भिंत आली. पत्रा आला, नंतर स्लॅब आला. शहरांत तर एका वाड्यात दहा बिऱ्हाडे झाली, चाळी उभ्या राहिल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या साली पुण्यात. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष तेव्हा गेले. १८९८ साली बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने उजेडाचा एक हिशेब बसवला. खिडकीसमोर भिंत असेल तर खिडकीच्या भिंतीच्या पायापासून समोरच्या भिंतीच्या माथ्याकडे रेघ काढायची. ती रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी असता कामा नये. ट्रस्टचे ऑर नावाचे अधिकारी होते, त्यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान देऊन हा विषय लोकांपुढे मांडला.

साडेत्रेसष्ट अंश ऐकून घाबरू नका. त्याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे. वीस फूट उंच भिंत असेल तर दहा फूट. वराहमिहिराने दुप्पट सांगितले ते दाराच्या वेधासाठी, ट्रस्टने निम्मे सांगितले ते दाटीच्या शहरातल्या खिडकीसाठी. कारणे निराळी, पण दोघांनीही उंची आणि अंतर यांची सांगड घातली. आपण मात्र चौक बुजवला, अंतर विसरलो, आणि कोपऱ्यांची नावे तेवढी धरून ठेवली. उजेडाची सोय गेली आणि नियम उरले. खरी अडचण इथे आहे.

आता एक घर प्रत्यक्ष आखून पाहू. सोलापूरकडचे एखादे गाव धरा. जागा ३० फूट रुंद आणि ५० फूट लांब. रस्ता पश्चिमेला. उत्तरेला शेजाऱ्याचे दुमजली घर, वीस फूट उंच, अगदी हद्दीला भिडलेले. दक्षिणेला गावातली वहिवाटीची बोळ, मागे पूर्वेला आपलाच परस. घरात पाच-सहा माणसे. पश्चिमेकडे तोंड म्हणून अर्धे नातेवाईक आधीच नाराज. पुढे आणि मागे आठ-आठ फूट, दोन्ही बाजूंना चार-चार फूट सोडले, तर घराला २२ फूट रुंदी आणि ३४ फूट लांबी मिळते. आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा नियम याहून जास्त जागा सोडायला सांगत असेल तर अर्थात तो पाळायचा.

पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूने, सहा फुटांची पडवी काढू. उरले २२ गुणिले २८, म्हणजे ६१६ चौरस फूट. मध्यभागी ८ बाय ९ फुटांचा चौक ठेवू. तो होतो ७२ चौरस फूट. आता ८१ पदांतली ९ पदे म्हणजे नववा भाग. ६१६ चा नववा भाग सुमारे ६८. म्हणजे ब्रह्मस्थानाचे जुने माप इथे जवळजवळ तंतोतंत बसते. आणि उजेडाचे? चौकाभोवतीच्या भिंती दहा फूट उंच, निम्मे पाच. चौकाची रुंदी आठ. उजेड भरपूर.

आता खोल्या. आग्नेय कोपऱ्यात स्वयंपाकघर, पूर्वेकडे मधे न्हाणी, ईशान्येला लहानसे देवघर. पूर्वेला परस असल्याने तिघांनाही सकाळचे ऊन मिळते. न्हाणी वाळते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्या पठारावर वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आग्नेयेच्या चुलीचा धूर घरात न फिरता बाहेर जातो. जुना नियम आणि वारा इथे एकमेकांना धरून आहेत. मात्र थंडीत वारा पूर्वेकडून वाहतो आणि धूर घरात लोटतो. म्हणून चुलीवर धुराडे हवेच. नुसत्या दिशेवर भिस्त ठेवू नका.

उत्तरेच्या बाजूला मधली खोली कोठाराची करू. का? तर शेजाऱ्याची भिंत वीस फूट, तिला दहा फूट अंतर हवे, आणि आपल्याकडे आहेत चारच. तिकडे कितीही मोठी खिडकी काढा, उजेड मंदच येणार. तेव्हा जिथे उजेड लागत नाही ते भांडार तिकडे जावे. मुहूर्तचिंतामणीही भांडार उत्तरेलाच सांगतो. कोठाराच्या समोर, चौकाच्या दक्षिणेला, माजघर. त्याला एका बाजूने चौक आणि दुसऱ्या बाजूने बोळीकडची खिडकी. वायव्येला बैठकीची खोली, तिच्यातून पडवीत उघडणारे मुख्य दार.

उरला नैर्ऋत्य कोपरा. खरी ओढाताण इथे आहे. सल्ला देणारे म्हणतात, नैर्ऋत्य जड ठेवा, खिडकी नको. पण वारा तर तिकडूनच येतो! ही खोली निजायची केली आणि भिंती बंद ठेवल्या, तर वैशाखात तिथे कोणी झोपू शकणार नाही. उलट मोठी उघडी खिडकी ठेवली तर संध्याकाळचे ऊन भिंत तापवते आणि ती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहते. म्हणजे जड भिंतीचा सल्ला उन्हाच्या हिशेबाने खरा, वाऱ्याच्या हिशेबाने खोटा. मग दोन्ही कसे साधायचे? कोपऱ्याची भिंत जाड बांधा, कपाटे, पेट्या, गाद्यांची चळत तिथेच लावा. खिडकी मात्र कोपऱ्यापासून जरा सरकवून पश्चिमेच्या भिंतीत ठेवा. तिला भक्कम झडपा हव्यात आणि पुढे पडवीची सावली. पडवीला बांबूचा पडदा किंवा वाळ्याची ताटी लावा. दुपारी झडपा बंद, सूर्य मावळला की उघड्या. जडपण राहिले, वाराही आला.

छज्जावर मात्र इथे विसंबू नका. त्याचे कारण नीट समजून घ्या. दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे ऊन उंचावरून येते. सोलापूरच्या बाजूला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, मार्चमध्ये ७२ अंशांवर. चार फूट उंच खिडकीवर लगेच दोन फुटांचा छज्जा टाकला, तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी सगळी खिडकी सावलीत राहते, आणि डिसेंबरात खालचा पावणेदोन फुटांचा भाग उन्हात येतो. हवे तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली. पण पश्चिमेला एप्रिलमधे संध्याकाळी पाच वाजता सूर्य २३ अंशांवर उतरलेला असतो. तोच दोन फुटांचा छज्जा तेव्हा जेमतेम दहा इंच सावली देतो. म्हणून दक्षिणेला छज्जा, पश्चिमेला पडवी आणि ताटी.

खिडकी केवढी असावी? आपल्या देशाच्या बांधकामसंहितेत त्याचे साधे प्रमाण आहे. दार सोडून, उघडणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र कोरड्या उष्ण प्रदेशात जमिनीच्या दहाव्या हिश्शाहून कमी नसावे, दमट उष्ण प्रदेशात सहाव्या हिश्शाहून. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सोलापूरकडे १२ चौरस फुटांची, म्हणजे तीन बाय चारची एक खिडकी पुरे. रत्नागिरीकडे त्याच खोलीला २० चौरस फूट लागतील, म्हणजे अडीच बाय चारच्या दोन खिडक्या. सोलापूरचा नकाशा कोकणात जसाच्या तसा उचलू नये, तो यासाठी. आणि वारा एका खिडकीतून आत यायला दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. आपल्या घरात ती वाट चौकाची. पश्चिमेचा वारा खोलीत येतो, चौकाकडच्या झरोक्यातून बाहेर पडतो.

चौक ठेवला की दोन तक्रारी हमखास येतात : पाऊस आणि चोर. ७२ चौरस फुटांच्या चौकात एक इंच पाऊस पडला तर सुमारे १७० लिटर पाणी साठते. म्हणून चौकाची जमीन सहा इंच खाली, मोरी रुंद, आणि छपराचा उतार बाहेरच्या बाजूला. उतार चौकात सोडला तर पाणी कितीतरी पट वाढेल आणि माजघरात येईल. चोरासाठी वर लोखंडी जाळी. पाऊस अजिबात नको असेल तर जाळीवर दोन फूट उंच पारदर्शक पत्रे टाका आणि चारी बाजू उघड्या ठेवा. गरम हवा वर चढते आणि त्या बाजूंनी निघून जाते. ही जुन्या साण्याचीच युक्ती. चौकावर स्लॅब मात्र टाकू नका. त्या एका दिवसात माजघर, कोठार आणि देवघराची वाट, तिन्ही अंधारात जातात.

पुढे मुलगा मोठा होईल, वर मजला चढवावासा वाटेल. तेव्हाचा विचार आजच करा. सगळीकडे मजला चढला तर चौकाच्या भिंती वीस फूट होतील, अंतर दहा फूट लागेल, आणि चौक आठच फुटांचा आहे. वाड्यांतले खालचे माजघर अंधारे झाले ते असेच. म्हणून मजला फक्त पश्चिमेच्या ओळीवर चढवा. तो दुपारनंतर चौकावर सावली धरील. पूर्व आणि उत्तर बुटकी राहिली की सकाळचा उजेड कायम. सुक्षेत्र आणि हिरण्यनाभ शुभ म्हणणाऱ्या वराहमिहिराचेही याला काही म्हणणे असणार नाही. दक्षिणेवर मजला नको, कारण थंडीतले चौकातले ऊन तोच अडवील.

हे सगळे कागदावर झाले. पाया खणण्यापूर्वी एक दिवस जागेवर फक्कीने खोल्या आखा. चौकाच्या जागी काठी उभी करून सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली पाहा. संध्याकाळी उदबत्ती पेटवून धूर कुठे वळतो ते पाहा. घरातल्या बायकांना आखलेल्या स्वयंपाकघरात उभे करून विचारा, कारण दिवसाचे निम्मे तास त्या तिथे काढणार आहेत. आणि बांधून झालेले घर तपासायचे असेल तर आभाळ भरलेल्या दिवशी दुपारी माजघरात बसून तांदूळ निवडून पाहा. खडा दिवा न लावता दिसला तर उजेड पुरेसा आहे. नाही दिसला, तर कोपरे कितीही बरोबर असोत, घरात कुठेतरी भोक पाडायला हवे.

कोणी विचारील, दोहोंत तंटा आला तर कोणाचे ऐकायचे? माझे उत्तर असे. देवघर ईशान्येला, चूल आग्नेयेला, हे साधत असेल तर जरूर साधा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन राखणे हीही गृहस्थाची गरज आहे. पण आग्नेयेचा कोपरा शेजाऱ्याच्या भिंतीने कोंडलेला असेल आणि तिथे खिडकी निघतच नसेल, तर चूल हलवा, बाईला धुरात बसवू नका. खोली इकडची तिकडे झाली तर चालते. मधला चौक गेला तर तो परत मिळत नाही. म्हणून आखणीला बसाल तेव्हा पहिली रेघ चौकाची काढा आणि मग कोपऱ्यांकडे वळा.